आक्काचा चहा: महामार्गावरच्या टपरीचे नाव आणि पाटी ठरवतानाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

माझ्या थोरल्या बहिणीने आणि दाजींनी पुणे-सोलापूर रस्त्यावर, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६५ वर, इंदापूर सोडल्यानंतर टेंभुर्णीच्या अलीकडे चहाची टपरी सुरू करण्याचे ठरवले आहे. जागा घरचीच आहे, पत्र्याचे छप्पर झाले आहे, नळ आणि दोन शौचालये या महिन्याअखेर पूर्ण होतील. नाव आणि पाटी यांचे काम माझ्याकडे आले, कारण घरात अक्षर चांगले असलेला मी एकटाच आहे. हे कारण किती अपुरे होते, ते पुढच्या नोंदींवरून कळेलच.

काम सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी लिहून ठेवतो. रस्त्याला दुभाजक असल्यामुळे आमच्याकडे फक्त पुण्याकडून सोलापूरकडे जाणारी वाहने येऊ शकतात, त्यामुळे पाटी एकाच दिशेने वाचली जाणार आहे. या दिशेने जाणाऱ्या ट्रकांमध्ये हैदराबाद, विजयवाडा, कलबुर्गी, विजयपूर इकडच्या गाड्या पुष्कळ आहेत, आणि कुटुंबांच्या गाड्या मुख्यतः पंढरपूर, तुळजापूर किंवा अक्कलकोटला निघालेल्या असतात. म्हणजे एका पाटीने तेलुगू किंवा कन्नड बोलणारा चालक आणि देवदर्शनाला निघालेली पुण्यातली आजी, या दोघांनाही थांबवायचे आहे.

२ फेब्रुवारी

पहिले नाव मी एका संध्याकाळी ठरवले आणि दुसऱ्या दिवशी छापायला दिले: ‘विसावा फॅमिली ढाबा’, आणि त्याखाली ‘चहा, नाश्ता, पार्किंग’. फ्लेक्स दहा फूट बाय चार फूट, दर चौरस फुटाला १५ रुपये, म्हणजे ६०० रुपये, शिवाय लोखंडी अँगलची चौकट ४,५०० रुपये. चौकट अजून वापरात आहे. फ्लेक्स आता शेळ्यांच्या गोठ्यावर आहे.

चूक कुठे झाली ते समजायला पाच दिवस लागले. भाच्याने चार ते आठ या वेळेत वहीत काड्या मांडून नोंद ठेवली. पहिल्या दिवशी १९ ट्रक आणि ३ कुटुंबांच्या गाड्या थांबल्या, आणि पुढच्या चार दिवसांत ट्रक १२ ते २१ व कुटुंबे ० ते ४ एवढीच वध-घट झाली. थांबलेल्या प्रत्येक ट्रकचालकाला मी विचारले की पाटी वाचून थांबलात का. जवळजवळ प्रत्येकाचे उत्तर एकच होते: पाटी पाहिली नाही, दुसरी गाडी उभी दिसली आणि वळायला जागा दिसली. पाटीकडे लक्ष गेलेल्या तिघांनी उलट सांगितले की ‘फॅमिली’ शब्द वाचून त्यांना वाटले, इथे लुंगीवर बसलो तर कोणी तरी उठवेल.

न थांबलेल्या कुटुंबांना विचारता येत नाही, म्हणून नात्यातल्या एका लग्नात पुण्याहून आलेल्या सहा घरांना मी पाटीचा फोटो दाखवला. एका मावशींनी स्पष्ट सांगितले, “अरे, फॅमिली लिहावं लागतं म्हणजे आत काय असतं ते कळतंच ना.” त्यांचे बरोबर आहे. आपल्याकडे रस्त्याकडेच्या बारवाल्यांनी ‘फॅमिली’, ‘गार्डन’ आणि ‘ढाबा’ हे तिन्ही शब्द इतकी वर्षे वापरले आहेत की ते वाचले की परमिट रूमच डोळ्यांसमोर येते. जो शब्द मी कुटुंबांना धीर देण्यासाठी घातला होता, तोच त्यांना घाबरवत होता.

९ फेब्रुवारी

‘विसावा’ हे नावही टिकले नाही. एक चालक मागून येणाऱ्या आपल्या जोडीदाराला फोनवर सांगत होता, “विसावा पे रुका हूं,” आणि पलीकडून विचारणा झाली की कुठल्या. या पट्ट्यात त्या नावाची निदान तीन हॉटेले आमच्या आधीची आहेत. हे संभाषण ऐकताना मला पहिल्यांदा नावाचे खरे काम कळले. चालक नाव वाचून थांबत नाही, पण थांबल्यानंतर तो नाव दुसऱ्याला सांगतो, आणि सोबतच्या दोन गाड्या त्यावरूनच येतात. म्हणून ट्रकसाठी नाव हे फोनवर एका दमात सांगता येणारे आणि गोंधळ न करणारे हवे, मग ते पाटीवर छोटे दिसले तरी चालेल. कुटुंबाचे उलटे आहे. त्यांना कोणी फोनवर सांगत नाही. ते धावत्या गाडीतून पाटी वाचतात आणि तीन सेकंदांत इथे बाईमाणसाने उतरावे की नाही ते ठरवतात.

इथून पुढे मी नावांच्या याद्या करणे थांबवले आणि प्रत्येक नावाला दोनच प्रश्न विचारू लागलो: हे नाव तेलुगू चालक फोनवर नीट सांगेल का, आणि हे वाचून आजीला भीती वाटेल का. ‘जय मल्हार’, ‘माउली’, ‘साई’ ही नावे पहिल्या प्रश्नात गेली, कारण प्रत्येक नाव दर पाच-दहा किलोमीटरवर आहे. ‘अमृततुल्य’ पुण्यात ओळखीचे आहे, पण हैदराबादच्या चालकाला मी ते म्हणायला लावले तेव्हा त्याने हसून कप पुढे केला. दाजींची सूचना ‘ट्रकवाला चहा’ अशी होती, ती दुसऱ्या प्रश्नात गेली.

१६ फेब्रुवारी

नाव सापडले, आणि ते शोधण्याचे श्रेय माझे नाही. कर्नूलच्या एका चालकाने कप परत देताना बहिणीला “अक्का, इंकोटी” असे म्हटले, म्हणजे आणखी एक. तिने मागे वळून पाहिले, कारण घरात आम्ही सगळे तिला आक्काच म्हणतो. तेलुगू, कन्नड आणि तमिळ या तिन्ही भाषांत अक्का म्हणजे थोरली बहीण, आणि आमच्या बाजूच्या मराठीत आक्का म्हणजेही तेच. हिंदी चालकाला अर्थ माहीत नसला तरी दोन अक्षरांचा हा शब्द त्याला म्हणता येतो. पुण्यातल्या आजीला या नावातून कळते की चुलीमागे एक बाई आहे, आणि तिला हवी असलेली जवळजवळ सगळी खात्री तेवढ्याने मिळते.

‘आक्काचा चहा’ असे पूर्ण नाव ठरवले. बहिणीने आधी विरोध केला. आपली हाक रस्त्यावर टांगायची, हे तिला पटत नव्हते. दोन दिवसांनी तिने स्वतःच विचारले की अक्षरे कोणत्या रंगात काढणार.

एक सूचना लगेच लिहून ठेवतो. आम्ही अन्न व्यवसायाची नोंदणी जुन्या नावाने आधीच केली होती. तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये इतके किरकोळ असल्यामुळे घाई केली, पण नाव बदलण्याचा अर्ज, पुन्हा कागदपत्रे आणि फेऱ्या यांत आठवडा गेला. नाव पक्के झाल्याशिवाय कोणताही कागद करू नका.

२३ फेब्रुवारी

या वेळी फ्लेक्स न छापता पेंटरकडून पत्र्यावर ऑइलपेंटने पाटी काढून घेतली. त्याचे कारण उन्हाचे आहे. गोठ्यावरच्या फ्लेक्सवरचा लाल रंग तीन आठवड्यांतच फिकट होऊ लागला होता. पेंटरची मजुरी आणि रंग मिळून २,२०० रुपये झाले. काळपट निळ्या पाटीवर पिवळी अक्षरे.

अक्षरांच्या आकाराबद्दल पेंटरने सांगितलेला हिशेब उपयोगाचा आहे. एक इंच उंचीचे अक्षर साधारण दहा फुटांवरून आरामात वाचता येते. एक फूट उंचीचे अक्षर म्हणजे १२० फूट, जवळपास ३६ मीटर. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे वाचायला दीड सेकंदाच्या आसपास मिळतो आणि एवढ्यात फक्त एक शब्द होतो. दोन फुटांचे अक्षर केले तर सव्वातीन सेकंद मिळतात. देवनागरीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती अशी की ही उंची शिरोरेषेपासून खालची धरायची, मात्रा आणि वेलांट्या धरून नव्हे. ज्या नावात वर मात्रा आणि खाली उकार कमी, त्या नावाचे अक्षर तेवढ्याच पाटीत मोठे बसते. ‘आक्का’ या बाबतीत नशिबाने फारच सोयीचे निघाले, कारण त्यात वर-खाली काहीच नाही.

पाटीवर दोन फुटांत फक्त ‘आक्काचा’ आणि सव्वा फुटात ‘चहा’ असे ठेवले, आणि शेजारी वाफाळता कप काढला, जो अक्षरांच्या आधी ओळखू येतो.

२७ फेब्रुवारी

पाटी लागली आणि गावभर हसे झाले. पेंटरने जुन्या वळणाचे जोडाक्षर काढले होते, म्हणजे एका क च्या पोटाखाली दुसरा बारीक क. अंगणात उभे राहून ते सुरेख दिसत होते. पन्नास मीटरवरून खालचा क दिसेनासा होत होता आणि पाटी ‘आकाचा चहा’ अशी वाचली जात होती. गेले दोन महिने वर्तमानपत्रांत ‘आका’ हा शब्द गुन्हेगारांचा म्होरक्या या अर्थाने गाजतो आहे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. सोलापूरचे एक गृहस्थ खास फोटो काढायला थांबले आणि चहा न घेताच गेले.

दोष पेंटरचा धरता येणार नाही, कारण मी त्याला कागदावर तसेच काढून दिले होते आणि पाटी जवळूनच तपासली होती. दुरुस्ती सोपी होती. अर्धा क आणि पूर्ण क एकमेकांशेजारी आडवे काढले, दोन्ही पूर्ण उंचीचे, आणि त्यांच्यामध्ये चांगली बोटभर जागा ठेवली. रुंदी वाढल्यामुळे ‘चा’ थोडा आवळला. त्यानंतर दाजींनी मोटरसायकल ८० च्या वेगाने चालवली आणि मागे बसून मी नाही, तर शेजारच्या सातवीतल्या मुलीने पाटी मोठ्याने वाचली. ज्याने मजकूर लिहिला आहे, त्याने ही चाचणी करू नये. त्याला पाटीवर नसलेले अक्षरही दिसते. दुरुस्तीचे ६०० रुपये आणि दोन दिवस गेले.

८ मार्च

आता ओळीकडे आलो. नावाखालची ओळ कुटुंबांसाठी आहे, हे मनाशी पक्के होते. तिने दारू नाही, घाई नाही, आणि लाडीगोडीही नाही असे सांगायचे होते, पण यातले एकही वाक्य पाटीवर लिहायचे नव्हते. ‘येथे दारू मिळत नाही’ असे लिहिले की वाचणाऱ्याच्या डोक्यात आधी दारूच येते.

मी लिहिलेली पहिली ओळ ‘टोल भरलात, आता चहा घ्या’ ही होती, कारण सरडेवाडीचा टोलनाका मागे गेलेला असतो. मित्रांना आवडली, बहिणीला नाही. तिच्या मते माणसाला नुकतेच पैसे गेल्याची आठवण करून देऊन त्याच्याकडून पुन्हा पैसे मागणे बरे नाही. शिवाय फास्टॅगमुळे टोल भरल्याचे कोणाच्या ध्यानातही राहत नाही. दुसरी ओळ ‘इथे फक्त चहाच चढतो’ ही होती. मला अजूनही ती चांगली वाटते, पण आपल्या नावाखाली चढण्याउतरण्याची भाषा नको, असे आक्काने ठणकावून सांगितले.

मग आमच्या बोलीतली ‘जरा टेका की!’ ही ओळ सर्वांना पसंत पडली. टेकणे म्हणजे घटकाभर बसणे, आणि शेवटचा ‘की’ आमच्या भागाचा. ट्रकवाल्यालाही ती लागू पडते आणि आजीलाही. पेंटरने एका संध्याकाळी ती काढली, ५०० रुपये.

१४ मार्च

सहा दिवसांत चार हिंदी भाषक चालकांनी ठेका कुठे आहे असे विचारले. पहिल्या वेळी मला कळलेच नाही. उत्तरेकडे ठेका म्हणजे दारूचे दुकान. पेंटरच्या गोल वळणात ‘टे’ चे पोट जवळजवळ मिटले होते आणि लांबून ते ‘ठे’ दिसत होते. एक चालक तर नाराज होऊन म्हणाला की बोर्ड पर लिखा है और है नहीं. ज्यांनी काही न विचारता गाडी पुढे नेली, त्या हिंदी भाषक कुटुंबांनी काय वाचले असेल याची मी कल्पना करू शकतो.

‘जरा बसा की!’ असा सोपा बदल दाजींनी सुचवला आणि बहुतेक मी तो केलाही असता, पण भाच्याने खाली मान घालून सांगितले की मुलांमध्ये ‘बसायचं का’ याचा अर्थ एकच होतो. त्याला हे कसे ठाऊक, याची चौकशी आक्काने स्वतंत्रपणे केली. विश्रांतीचा जवळजवळ प्रत्येक मराठी शब्द रस्त्यावर बाटलीशी जोडला गेला आहे, असा याचा अर्थ. तेव्हा ओळीतून विश्रांतीच काढून टाकायची आणि चहालाच क्रियापद द्यायचे, असे ठरवले.

१९ मार्च

शेवटची ओळ कागदावर सुचली नाही. दुपारी एक म्हातारे जोडपे फक्त शौचालय वापरून निघाले होते आणि संकोचाने पैसे देऊ पाहत होते. आक्का त्यांना म्हणाली, “पैसं राहू द्या, चहा घेऊन जावा की.” ते बसले, चहा घेतला, आणि मी पेंटरला फोन केला.

पाटी आता अशी आहे: वर ‘आक्काचा चहा’, आणि खाली ‘घेऊनच जावा की!’ नाव आणि ओळ मिळून एकच वाक्य होते, त्यामुळे ओळीत चहा हा शब्द पुन्हा घालावा लागला नाही आणि जागा वाचल्यामुळे अक्षर नऊ इंचांपर्यंत मोठे करता आले. ‘जावा’ हे शुद्धलेखनाप्रमाणे ‘जा’ असायला हवे, असे आतापर्यंत दोन शिक्षकांनी थांबून सांगितले आहे. दोघांनीही चहा घेतला, म्हणून मी ते तसेच ठेवणार आहे. बोलीतले वाक्य वाचताना कोणाचा तरी आवाज ऐकू येतो, आणि दुकानदाराने लिहिलेली जाहिरात वाटत नाही, एवढाच माझा त्यामागचा तर्क आहे.

खाली कोपऱ्यात ‘अक्का’ तेलुगू लिपीत लिहून घेतले. एका चालकाकडून वहीत काढून घेतले, दुसऱ्या चालकाला दाखवून तपासले, आणि मगच पेंटरला दिले. कन्नडचे वेगळे लिहिण्याची गरज पडली नाही. या दोन लिप्या इतक्या जवळच्या आहेत की विजयपूरच्या चालकाने तीच अक्षरे सहज वाचली. दुसरी लिपी लिहिताना एक नियम पाळावा लागतो. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक आहे, आणि इतर लिपीतील अक्षरे मराठीपेक्षा मोठी असता कामा नयेत.

५ एप्रिल

नाव आणि ओळ बरोबर असूनही कुटुंबांच्या गाड्या दिवसाला आठ-नऊच्या पुढे जात नव्हत्या. कारण पाटीत नव्हते. उभे राहिलेले ट्रक पाटीच झाकत होते. पुण्याकडून येणाऱ्याला आधी ट्रकांची रांग दिसायची, आणि टपरी दिसेपर्यंत ती मागे गेलेली असायची.

दाजींनी जेसीबी अर्धा दिवस लावून टपरीच्या पुढच्या बाजूला, म्हणजे सोलापूरकडच्या अंगाला, मुरूम पसरून ट्रकांची जागा केली (४,८०० रुपये), आणि अलीकडची सावलीची जागा कारसाठी ठेवली. आता कारमधून येणाऱ्याला आधी पाटी, मग कप घेऊन उभी असलेली माणसे, आणि मग ट्रक दिसतात. ट्रकवाल्याला उंच केबिनमधून पलीकडच्या गाड्या दिसतातच, त्यामुळे त्यांच्या संख्येत काही घट झाली नाही. नाव सुचवण्यात घालवलेल्या सहा आठवड्यांपेक्षा या अर्ध्या दिवसाचा परिणाम लवकर दिसला, हे कबूल केले पाहिजे.

२० एप्रिल

टपरीवरची पाटी वाचून भरलेला ट्रक किंवा वेगातली कार थांबू शकत नाही, म्हणून आधी एक पाटी हवी. महामार्गाच्या हद्दीत ती लावता येत नाही, तेव्हा ४०० मीटर अलीकडच्या शेतकऱ्याच्या खासगी बांधावर, हद्दीच्या दगडांपासून आत, महिन्याला ७०० रुपये भाड्याने जागा घेतली. तिच्यावर ओळ घातली नाही. फक्त ‘आक्का’, कपाचे चित्र, ट्रकचे चित्र, शौचालयाचे चित्र आणि ‘४०० मी.’ एवढेच. ओळीचे काम माणसाला आपलेसे वाटण्याचे आहे आणि तेवढ्या अंतरावर त्याला फक्त सोय आहे की नाही ते हवे असते.

रात्री ही पाटी दिसलीच नाही. बारा फुटांवर टांगली होती, आणि खाली झुकवलेल्या दिव्यांचा प्रकाश तिथपर्यंत जात नाही. वीज नाही, म्हणून अक्षरे परावर्तक चिकटपट्टीतून कापून लावली आणि पाटी खाली आणून तिचा तळ पाच फुटांवर ठेवला. कारमधून पाहिल्यावर झगझगीत दिसली. एका ओळखीच्या चालकासोबत ट्रकच्या केबिनमधून पाहिली तेव्हा मात्र बरीच मंद वाटली. परावर्तक पट्टी प्रकाश आलेल्या दिशेलाच परत पाठवते, आणि ट्रकमध्ये चालकाचे डोळे दिव्यांपेक्षा खूप उंच असतात, त्यामुळे त्याच्या वाट्याला थोडाच प्रकाश येतो. मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी असलेली महाग पट्टी घेतल्यावर फरक पडला. स्वस्त पट्टीचे १,४०० रुपये वाया गेले, महाग पट्टीला ३,८०० लागले.

६ जुलै

आषाढी एकादशी. आज आणि काल मिळून नोंद ठेवता आली नाही इतकी गर्दी होती, म्हणून या दोन दिवसांचे आकडे हिशेबात धरत नाही. त्याआधीच्या आठवड्यात त्याच चार ते आठ या वेळेत रोज सरासरी २६ ट्रक आणि १७ कुटुंबांच्या गाड्या थांबल्या. कुटुंबांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी पाटीची ओळ तोंडाने म्हणून दाखवली, काहींनी चेष्टेने. ट्रकचालकांपैकी ओळ कोणाच्याच लक्षात नव्हती, पण “अक्का” म्हणून हाक न मारणारा आता क्वचितच भेटतो.

१७ ऑगस्ट

अलीकडची पाटी दिसत नाही, अशी तक्रार तीन चालकांनी केली. गेलो तर समोर ऊस. फेब्रुवारीत लावलेला सुरू हंगामाचा ऊस आता माणसाच्या डोक्याच्या वर गेला आहे, आणि रात्रीसाठी खाली आणलेली पाटी त्यात बुडाली आहे. एप्रिलमध्ये तिथे कमरेएवढे पीक होते आणि मी, शेतकऱ्याच्याच घरात वाढलेला माणूस, ते पुढे वाढेल याचा विचार केला नाही. मालकाशी बोलून पाटीच्या अलीकडच्या कडेच्या दोन ओळी वीस मीटरपर्यंत तोडून घेतल्या आणि त्या उसाचे १,५०० रुपये दिले. पुढच्या लागणीत तेवढ्या पट्ट्यात भुईमूग घेण्याचे त्यांनी कबूल केले आहे.

३१ ऑगस्ट

पाटीवरचा आतापर्यंतचा खर्च, बांधाचे भाडे आणि ट्रकांच्या जागेचा मुरूम सोडून, सुमारे १५,१०० रुपये झाला आहे. त्यातले पहिला फ्लेक्स, जोडाक्षराची दुरुस्ती, ‘टेका’ची ओळ, स्वस्त पट्टी आणि ऊस मिळून ४,६०० रुपये निव्वळ चुकांचे आहेत.

एक अडचण अजून सुटलेली नाही. ‘घेऊनच जावा’ हे पुण्यातल्या काही तरुण मंडळींना पार्सल घेऊन जाण्याचे आमंत्रण वाटते. काल एकाने गाडीतूनच चार चहा कागदी कपांत मागितले आणि बसायची सोय नसल्याबद्दल हळहळ व्यक्त केली. त्याच्या मागे आठ रिकाम्या खुर्च्या होत्या. ओळ बदलायची नाही, असे आक्काचे म्हणणे आहे. खुर्च्या रस्त्याच्या बाजूला सरकवून उद्यापासून पुन्हा मोजणी सुरू करतो.